फोन चेहऱ्याची खोली मोजतो तेव्हा

रात्री दिवे घालवून फोन चेहऱ्यासमोर धरून पाहा. काही फोन नेहमीसारखेच चटकन उघडतात. काहींचा स्क्रीन आधी पांढराशुभ्र होऊन तोंडावर उजेड टाकतो आणि मग फोन उघडतो, किंवा चेहरा दिसत नाही म्हणून पिन मागतो. दुसरा प्रयोग दिवसा करायचा. मालकाचा समोरून काढलेला स्वच्छ फोटो दुसऱ्या एखाद्या फोनच्या स्क्रीनवर मोठा करायचा आणि तो कुलूपबंद फोनसमोर धरायचा. अंधारात जे फोन अडखळले होते, त्यांतले काही या फोटोला फसतात. अंधारात सहज उघडलेला फोन मात्र सहसा फोटोला दाद देत नाही. नेदरलँड्समधल्या ‘कॉन्स्युमेंटेनबाँड’ या ग्राहक संघटनेने २०१९ साली हाच फोटोचा प्रयोग ११० फोनांवर केला होता. त्यातले ४२ फोन नुसत्या फोटोने उघडले.

चेहरा दाखवून फोन उघडण्याची सोय नवी नाही. अँड्रॉइडने ती २०११ साली ‘गॅलेक्सी नेक्सस’ या फोनबरोबर आणली, तेव्हा काम साध्या सेल्फी कॅमेऱ्याचेच होते. फोटोने तो फोन उघडतो हे लोकांच्या लगेच लक्षात आले. पुढच्या वर्षी त्यात पापण्या मिटून दाखवण्याची अट घातली गेली, पण डोळे उघडे आणि मिटलेले असे दोन फोटो आलटून पालटून दाखवले की तीही पार पडायची. दुखणे मुळातच होते. कोणत्या दिशेने किती उजेड आला एवढेच साध्या कॅमेऱ्याला कळते. नाकाचे टोक गालाच्या दोन सेंटिमीटर पुढे आहे, हे त्याच्या चित्रात कुठेही नोंदलेले नसते. आपण ते सावल्यांवरून ताडतो, आणि त्या सावल्या फोटोतही जशाच्या तशा छापल्या जातात. तेव्हा कॅमेऱ्याच्या दृष्टीने चेहरा आणि चेहऱ्याचा फोटो यांच्यात फारसा फरक उरत नाही.

हा फरक मोजून काढणारा यंत्रसंच मोठ्या प्रमाणावर लोकांच्या हाती पडला तो नोव्हेंबर २०१७मध्ये, ‘आयफोन टेन’च्या रूपाने. त्यामागचे तंत्र खेळण्यांच्या दुनियेतून आले होते. २०१० साली मायक्रोसॉफ्टने ‘कायनेक्ट’ नावाचे उपकरण बाजारात आणले. टीव्हीसमोर उभे राहून हातपाय हलवायचे आणि त्याबरहुकूम खेळातले पात्र नाचवायचे, असा तो प्रकार होता. माणसाचे हातपाय नेमके किती अंतरावर आहेत हे ओळखण्याचे तंत्र ‘प्राइमसेन्स’ या इस्रायली कंपनीचे होते. २०१३मध्ये अॅपलने ती कंपनी विकत घेतली. दिवाणखान्यात टीव्हीखाली ठेवायचा लांबोडका डबा चार वर्षांत स्क्रीनच्या वरच्या कडेला असलेल्या काळ्या खाचेत मावला.

त्या खाचेत आपल्या कामाच्या तीन गोष्टी आहेत. पहिली, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड चेहऱ्यावर सारखा पसरवणारा छोटा दिवा. अंधारात फोन उघडतो तो याच्यामुळे. दुसरी, त्याच न दिसणाऱ्या उजेडाचे तीस हजारांहून जास्त बारीक ठिपके चेहऱ्यावर टाकणारा प्रोजेक्टर. तिसरी, फक्त इन्फ्रारेड पाहणारा कॅमेरा. फोन उचलला की आधी दिवा लागतो आणि कॅमेरा समोर चेहरा आहे का हे पाहतो. डोळे उघडे आहेत का आणि नजर फोनकडे आहे का, हेही तो तपासतो. त्यानंतर ठिपके पडतात, कॅमेरा ते वाचतो आणि त्यांवरून चेहऱ्याचा उठाव काढला जातो. हे सगळे होईतो आपले बोट जेमतेम स्क्रीनपर्यंत पोचलेले असते.

ठिपक्यांवरून उठाव कसा कळतो? सकाळी खिडकीच्या ग्रिलची सावली जमिनीवर पडते तेव्हा तिच्या रेषा सरळ असतात. त्या सावलीत एक कळशी ठेवली, तर कळशीवर आलेल्या रेषा वाकतात. सूर्याच्या दिशेने पाहणाऱ्याला हे वाकणे दिसणार नाही, बाजूला उभे राहिले की स्पष्ट दिसते. किती वाकले यावरून कळशीचा फुगीरपणा मोजता येईल. फोनमध्ये सूर्याच्या जागी प्रोजेक्टर असतो, ग्रिलच्या जागी ठिपक्यांची नक्षी असते आणि बाजूला उभे राहून पाहण्याचे काम कॅमेरा करतो. म्हणूनच प्रोजेक्टर आणि कॅमेरा एकाच जागी न ठेवता खाचेत एकमेकांपासून थोडे दूर बसवलेले असतात. ही थोडीशी दुरी काढून टाकली तर सारे मोजमाप कोसळेल.

एकदा आकडे घालून पाहू. हिशेबासाठी घेतलेले हे आकडे आहेत, एखाद्या ठरावीक फोनचे नाहीत. समजा, प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांच्यात २५ मिलिमीटर अंतर आहे आणि कॅमेऱ्याचे नाभीय अंतर पिक्सेलच्या मापात ६०० भरते. या दोहोंचा गुणाकार १५,०००. आता कोणताही ठिपका कॅमेऱ्याच्या चित्रात आपल्या मूळ जागेपासून किती पिक्सेल सरकलेला दिसेल, हे काढायला १५,००० ला त्या ठिपक्याच्या मिलिमीटरमधल्या अंतराने भागायचे. गाल फोनपासून ३०० मिलिमीटरवर असेल, तर गालावरचा ठिपका ५० पिक्सेल सरकतो. नाकाचे टोक २० मिलिमीटर पुढे, म्हणजे २८० मिलिमीटरवर असते, तिथला ठिपका साधारण ५३.६ पिक्सेल सरकतो. डोळ्याची खोबण ३१० मिलिमीटरवर असेल, तर तिथला ठिपका ४८.४ पिक्सेल. या सरकण्यातल्या तीन-चार पिक्सेलच्या फरकात आपले नाक उभे राहते. असे हजारो ठिपके एकत्र मांडले की कपाळ, भुवयांचा कंगोरा, गालफडे आणि हनुवटी यांचा उठावाचा नकाशा तयार होतो.

आता चेहऱ्याच्या जागी फोटो धरा. कागद ३०० मिलिमीटरवर सरळ धरला, तर छापील नाकावर पडलेला ठिपकाही ५० पिक्सेलच सरकतो आणि छापील गालावर पडलेलाही ५०. कागद तिरका धरला तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकणे एका चालीने बदलत जाते. कागद गुंडाळून गोल केला तर बदलाला वळण येते, पण मध्येच उठलेले नाक आणि दोन्ही बाजूंना दबलेल्या डोळ्यांच्या खोबणी काही त्यातून निघत नाहीत. छपाई कितीही उत्तम असो, ठिपक्यांना शाईशी देणेघेणे नसते.

त्याच हिशेबात या तंत्राची मोठी मर्यादाही आहे. माणूस तीन मीटरवर उभा आहे असे धरा. आता गालावरचा ठिपका पाच पिक्सेल सरकतो आणि नाकावरचा ५.०३. तीन शतांश पिक्सेलचा फरक चित्रातल्या खरखरीत सहज हरवून जातो. त्यामुळे फोनला मालक हाताच्या अंतरावर लागतो. रस्त्यावरच्या खांबाला लावलेला कॅमेरा समोरून जाणाऱ्यांच्या नाकांची उंची अशा रीतीने मोजू शकत नाही, आणि एकदा काढलेल्या फोटोतून तर ती मुळीच मोजता येत नाही, कारण फोटो निघाला त्या क्षणी त्या चेहऱ्यावर ठिपके पडलेले नव्हते.

पुढे एक प्रश्न राहतो. तीस हजार ठिपक्यांतला कोणता ठिपका कोणता, हे कॅमेऱ्याला कसे कळावे? सगळे ठिपके सारख्या अंतरावर ओळीत असते, तर एक ठिपका सरकून शेजारच्याच्या जागी आला तरी पत्ता लागला नसता. म्हणून नक्षी मुद्दाम अस्ताव्यस्त ठेवतात. कोणताही छोटा तुकडा उचलला तरी त्यातली ठिपक्यांची मांडणी दुसरीकडे सापडू नये, अशी ती रचना असते. अॅपलच्या म्हणण्यानुसार प्रत्येक फोनची नक्षी वेगळी असते, आणि साधे इन्फ्रारेड चित्र आणि ठिपक्यांचे चित्र कोणत्या क्रमाने टिपायचे हेही फोन दर वेळी बदलतो. आधी नोंदवून ठेवलेली चित्रफीत कुणी कॅमेऱ्यासमोर चालवली तर हा क्रम जुळू नये, हा त्यामागचा हेतू.

उन्हात हे ठिपके पुसले जात नाहीत का? या कामासाठी सहसा ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड वापरतात, त्याचे कारण मला फार आवडते. हवेतली पाण्याची वाफ सूर्याच्या उजेडातला नेमका हा पट्टा बराचसा शोषून घेते, त्यामुळे जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात तो कमी असतो. कॅमेऱ्यापुढे फक्त हाच पट्टा आत सोडणारी गाळणी बसवली की लेसरचे मिणमिणते ठिपकेही उठून दिसतात. तरी मे महिन्यात भर दुपारी सूर्य थेट खाचेवर तळपत असेल तर फोन कधी कधी पिन मागतो. काही गॉगलांच्या काचा इन्फ्रारेड अडवतात, त्यांच्याआडचे डोळे फोनला दिसत नाहीत.

इथपर्यंत फोनला एवढेच कळले आहे की समोर चेहऱ्याच्या उठावाची वस्तू आहे. ती वस्तू म्हणजे मालक आहे का, हे ठरायचे बाकी आहे. पुष्कळदा असे सांगितले जाते की फोन तीस हजार ठिपके एकेक करून जुळवून पाहतो. तसे नसते. नुसते तोंड वळवले, हसले किंवा चष्मा काढला तरी ठिपके दुसरीकडे पडणार. त्याऐवजी उठावाचा नकाशा आणि इन्फ्रारेड चित्र ही दोन्ही एका न्यूरल नेटवर्कला दिली जातात. असंख्य चेहऱ्यांवर शिकवलेली ही गणिती रचना चेहऱ्याचे रूपांतर आकड्यांच्या एका मालिकेत करते. एकाच माणसाच्या दोन दर्शनांच्या मालिका एकमेकींजवळ याव्यात आणि वेगवेगळ्या माणसांच्या दूर जाव्यात, असे तिला शिकवलेले असते. फोन पहिल्यांदा सुरू करताना आपण मान गोल फिरवून चेहरा नोंदवतो, तेव्हाची मालिका प्रोसेसरच्या एका वेगळ्या, बंदिस्त भागात ठेवली जाते. आयफोनमध्ये त्याला ‘सिक्युअर एन्क्लेव्ह’ म्हणतात. पुढे दर वेळी नवी मालिका त्या जुन्या मालिकेशी ताडून पाहायची, दोहोंतले अंतर ठरवलेल्या मर्यादेच्या आत असेल तर कुलूप काढायचे, नसेल तर नाही. ही मालिका फोनबाहेर जात नाही, असे अॅपल सांगते.

या सगळ्या कामात कुठेही नाव येत नाही, ही गोष्ट सहज नजरेतून सुटते. समोरची व्यक्ती कोण, हे फोनला विचारलेलेच नसते. नोंदवलेली व्यक्ती हीच का, एवढाच प्रश्न असतो. माझा फोन तुम्ही चेहऱ्यासमोर धरलात तर तो नकार देईल, पण तुम्ही कोण आहात हे त्याला कळणार नाही आणि कळून घ्यायचेही नसते.

फोन चुकून भलत्याच माणसाला उघडण्याची शक्यता अॅपल दहा लाखांत एकापेक्षा कमी सांगते. जगातल्या कुणाही अनोळखी माणसाने तुमचा फोन उचलून पाहिला तर काय होईल, याचा हा आकडा आहे. पाच वेळा चेहरा जुळला नाही की फोन पासकोडशिवाय उघडत नाही, त्यामुळे अनोळखी माणसाला प्रयत्नही मोजकेच मिळतात. मात्र घरातल्यांना हा आकडा लागू पडत नाही. जुळी भावंडे, दिसायला सारखी सख्खी भावंडे आणि तेरा वर्षांखालची मुले यांच्या बाबतीत चुकीची शक्यता वाढते, हे कंपनी स्वतःच सांगते. मुलांचे चेहरे अजून घडत असतात, त्यामुळे एकमेकांपासून पुरेसे वेगळे झालेले नसतात. जुळ्यांच्या बाबतीत खोली अगदी बरोबर मोजली जाते. अडचण एवढीच की दोघांचा उठाव खरोखरच जवळजवळ सारखा असतो.

आयफोन टेन बाजारात आल्यावर काही दिवसांतच अमेरिकेतल्या एका दहा वर्षांच्या मुलाने आईचा फोन आपल्या चेहऱ्याने उघडल्याची चित्रफीत गाजली. त्या आईने चेहरा पुन्हा चांगल्या उजेडात नोंदवला तेव्हा मुलाला फोन उघडेना. सुरुवातीची नोंद रात्री घरातल्या दिव्यात केलेली होती. तशा उजेडात पुन्हा नोंद करून पाहिल्यावर मुलगा परत फोन उघडू शकला. नोंद कशी केली यावर पुढचे किती अवलंबून असते, ते या उदाहरणात दिसते. घरात लहान मुले असतील तर आणखी एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. चेहरा अगदी थोडक्यात जुळायचा राहिला आणि लगेच कुणी बरोबर पासकोड टाकला, तर फोन असे समजतो की हा मालकच आहे, फक्त आज थोडा वेगळा दिसतो आहे, आणि तो चेहरा काही काळ आपल्या नोंदीत सामावून घेतो. दाढी वाढली, नवा चष्मा आला तरी फोन सांभाळून घेतो तो यामुळेच. आईशी खूप साम्य असलेल्या मुलाला पासकोड पाठ असेल, तर हाच चांगुलपणा त्यालाही हळूहळू आत घेऊ शकतो.

खोली मोजल्याने फोटो हरतो, पण खोली असलेली नक्कल हरेलच असे नाही. नोव्हेंबर २०१७मध्येच ‘बीकॅव्ह’ या व्हिएतनामी सुरक्षा कंपनीने मुखवट्याने आयफोन टेन उघडून दाखवल्याचे जाहीर केले. त्रिमितीय छपाईने बनवलेला सांगाडा, सिलिकॉनचे नाक आणि वर चिकटवलेली डोळ्यांची छापील चित्रे असा तो मुखवटा होता. त्यासाठी मालकाच्या चेहऱ्याचे बारकाईने मोजमाप घ्यावे लागले, म्हणजे रस्त्यावर पडलेला फोन उघडण्याच्या कामाचा तो मार्ग नव्हे. नजरेची तपासणीही चकवता येते. २०१९ साली ‘ब्लॅक हॅट’ या सुरक्षा परिषदेत ‘टेन्सेंट’च्या संशोधकांनी काचांवर चिकटपट्टीचे तुकडे लावलेला चष्मा दाखवला. झोपलेल्या मालकाच्या डोळ्यांवर तो अलगद चढवला की फोनला डोळे उघडे असल्याचा भास होतो. चष्मा घातलेला असताना फोन डोळ्यांच्या भागातली खोली तेवढ्या काटेकोरपणे पाहत नाही, ही फट त्यांनी हेरली होती.

अँड्रॉइडच्या जगात खोली मोजणारे फोन मोजकेच आहेत. गूगलने २०१९च्या ‘पिक्सेल फोर’मध्ये ठिपक्यांचा प्रोजेक्टर आणि दोन इन्फ्रारेड कॅमेरे बसवले होते. सुरुवातीला तो फोन डोळे मिटलेले असतानाही उघडायचा, म्हणजे झोपलेल्या माणसाचा फोनही उघडता आला असता. पुढच्या फोनमधून गूगलने हा संच काढूनच टाकला. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक अँड्रॉइड फोनांत साध्या सेल्फी कॅमेऱ्यावरच काम चालते, आणि चेहरा नोंदवताना ‘तुमच्यासारखी दिसणारी व्यक्ती किंवा वस्तू फोन उघडू शकेल’ अशी सूचना स्क्रीनवर येते. ती आपण न वाचता पुढे जातो, आणि बँकेचे अॅप चेहरा न घेता बोटाचा ठसा किंवा पिन मागते तेव्हा चिडतो. चिडण्याचे कारण नाही. अँड्रॉइडने अशा साधनांचे तीन वर्ग पाडले आहेत. नकली चेहरा किंवा नकली बोट पुढे करून फसवण्याचे किती टक्के प्रयत्न यशस्वी होतात, हे त्यातले एक मुख्य माप. सर्वांत वरच्या वर्गात हे प्रमाण सात टक्क्यांच्या वर जाऊन चालत नाही. सर्वांत खालच्या वर्गातल्या चेहऱ्याने फोनचे कुलूप निघते, पण दुसऱ्या अॅपला त्या चेहऱ्याचा हवाला दिला जात नाही. खोलीशिवाय वरच्या वर्गात जाता येतच नाही, असेही नाही. २०२३चा ‘पिक्सेल एट’ साध्या कॅमेऱ्यावर तिथवर पोचला, मात्र अंधारात त्याला अडते.

आता फोटोतल्या माणसाला नाव देण्याकडे वळू. सुरुवात ओळखीची वाटेल. चित्रात चेहरा कुठे आहे ते शोधायचे, डोळे एका पातळीत येतील असा तो सरळ करायचा, न्यूरल नेटवर्कमधून काढून आकड्यांची मालिका बनवायची. २०१५ साली गूगलच्या संशोधकांनी ‘फेसनेट’ नावाच्या रचनेत एका चेहऱ्यासाठी फक्त १२८ आकडे पुरेसे ठरतात हे दाखवले. इथवर फोनचे कुलूप आणि ही रचना एकाच घरातल्या आहेत. पण इथे खोली नाही. कॅमेऱ्यासमोर जिवंत माणूस होता की भिंतीवरचे पोस्टर, हा प्रश्नच विचारलेला नसतो. पोस्टरवरच्या पुढाऱ्याचा चेहराही जुळला तर तो बरोबर जुळला असेच म्हणतात. प्रश्न असतो तो हा चेहरा संग्रहातल्या कुणाशी सर्वांत जास्त मिळतो, असा. मालिका एका नोंदीशी नाही, तर हजारो, लाखो नोंदींशी ताडून पाहिली जाते. आणि नाव चेहऱ्यातून निघत नाही, ते कुणीतरी आधी त्या नोंदीला चिकटवलेले असते. आपल्या फोनमधला अल्बम आजीचे सगळे फोटो एका ठिकाणी गोळा करतो, पण ‘आजी’ हे आपणच टाईप करतो. फेसबुक मित्रांची नावे सुचवायचे, कारण लोकांनी वर्षानुवर्षे एकमेकांच्या चेहऱ्यांवर नावे लावून ठेवली होती. नोव्हेंबर २०२१मध्ये फेसबुकने ही सोय बंद करून शंभर कोटींहून जास्त लोकांच्या चेहऱ्यांच्या मालिका पुसून टाकत असल्याचे जाहीर केले, तेव्हा या संग्रहाचा आवाका किती होता ते लोकांना समजले.

संग्रह मोठा झाला की चुकीचा हिशेब पालटतो. फोनचा दहा लाखांत एक हा आकडाच घेऊ. एका नोंदीशी तुलना करताना ही चूक नगण्य आहे. तीच मर्यादा ठेवून एक चेहरा एक कोटी नोंदींशी ताडला, तर सरासरीने दहा अनोळखी माणसे जुळलेली दिसतील. तंत्र तेच, त्याची अचूकताही तीच, फक्त प्रश्न बदलला आहे. म्हणून नावे शोधणाऱ्या यंत्रणांना मर्यादा फार कडक ठेवावी लागते, आणि ती कडक केली की चेहरा थोडा वळलेला किंवा अंधुक असला तर खरा माणूसही निसटतो. समोरून, चांगल्या उजेडात काढलेल्या फोटोंवर आजच्या उत्तम यंत्रणा फार अचूक आहेत. पण गरज पडते ती बहुधा दुकानाच्या छताला लावलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रासाठी.

या दोन प्रकारांच्या मधे बसणारे एक उदाहरण आपल्या घरोघरी आहे. निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला नोव्हेंबर २०२१पासून फोनच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवूनही देता येतो. आजोबा आधी आपला आधार क्रमांक देतात, मग चेहरा दाखवतात आणि सांगितल्यावर पापण्या मिटतात. इथे ठिपके नाहीत, कॅमेरा साधाच आहे, आणि तुलना दूरच्या सर्व्हरवरच्या नोंदीशी होते. पण ती तुलना एकाच नोंदीशी आहे, कारण आपण कोण हे आजोबांनी क्रमांक देऊन आधीच सांगितलेले आहे. चेहऱ्याने फक्त त्या सांगण्याला दुजोरा द्यायचा असतो. जुळला नाही तर ते चष्मा काढून, खिडकीजवळ जाऊन पुन्हा प्रयत्न करू शकतात, नाहीतर बोटाचा ठसा देऊ शकतात.

ज्याचा चेहरा दुसऱ्यांनी शोधायला टाकलेला असतो, त्याला असा पुन्हा प्रयत्न करता येत नाही. अमेरिकेत डेट्रॉइट शहरातल्या एका दुकानातून ऑक्टोबर २०१८मध्ये काही घड्याळे चोरीला गेली. टोपी घातलेला चोर दुकानाच्या कॅमेऱ्यात दिसला, चित्र अंधुक होते. मिशिगन राज्याच्या पोलिसांनी ते चित्र सुमारे ४ कोटी ९० लाख फोटोंच्या संग्रहाशी ताडून पाहिले. संग्रहात वाहन परवान्यांचे फोटो होते. आपला वरचा हिशेब इथे लावला, तर स्वच्छ फोटोवर दहा लाखांत एक चूक करणाऱ्या यंत्रणेलाही या संग्रहात ४९ तोतये सापडायला हवेत. इथे तर चित्रच खराब होते. शिवाय अशा शोधात यंत्रणा बहुधा सर्वांत जवळच्या चेहऱ्यांची यादी पुढे ठेवते. खरा चोर संग्रहात नसला तरी यादी निघतेच आणि तिच्यात कुणीतरी पहिला असतोच. फोनला ‘जुळत नाही’ म्हणून गप्प बसता येते, तशी सोय या यादीत नसते.

यादीतून रॉबर्ट विल्यम्स या गृहस्थांच्या जुन्या परवान्याचा फोटो निघाला. हा फक्त तपासाचा धागा आहे, अटकेचा आधार नव्हे, असे त्या अहवालातच छापलेले होते. पोलिसांनी हा फोटो इतर पाच फोटोंबरोबर दुकानाच्या सुरक्षेचे काम पाहणाऱ्या एका बाईंना दाखवला. त्यांनी चोरी प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती, फक्त कॅमेऱ्यातले चित्र पाहिले होते. त्यांनी विल्यम्स यांच्या फोटोवर बोट ठेवले. म्हणजे जो चेहरा यंत्राला त्या चित्रासारखा वाटला म्हणून सहांत आला होता, तोच एका माणसालाही त्याच चित्रासारखा वाटला, आणि याला साक्ष मानले गेले. जानेवारी २०२०मध्ये विल्यम्स यांना घराच्या अंगणात, बायको आणि लहान मुलींच्या देखत बेड्या घातल्या गेल्या. सुमारे तीस तास ते कोठडीत होते. चोरीशी त्यांचा काही संबंध नव्हता.

त्यांनी शहरावर दावा लावला, आणि जून २०२४मध्ये तडजोड झाली. तिच्यातल्या अटी मला महत्त्वाच्या वाटतात, कारण त्या नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवतात. डेट्रॉइटच्या पोलिसांना आता केवळ चेहरा जुळला म्हणून कुणाला अटक करता येत नाही. चेहऱ्याच्या शोधातून नाव निघाले आणि लगेच तोच फोटो साक्षीदारापुढे ठेवला, असेही करता येत नाही. त्या माणसाचा गुन्ह्याशी संबंध दाखवणारा दुसरा स्वतंत्र पुरावा त्याआधी हाती असावा लागतो. आणि २०१७पासूनच्या ज्या प्रकरणांत चेहरा शोधून अटकेचे वॉरंट मिळवले होते, त्या सगळ्यांची फेरतपासणी करण्याचेही त्यात ठरले.